विदा छापण्याआधीची ईमेल

सहलेखकाने विहिरींच्या पाणीपातळीची फाइल अभ्यासासाठी दिली, म्हणजे ती शोधनिबंधात मांडायची मुभाही मिळाली, असे नव्हे. म्हणून विद्यार्थ्याने ईमेलमध्ये दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: ‘सर, या विदासंचाचा संदर्भ कोणाच्या नावाने आणि कोणत्या आवृत्तीचा देऊ? नोंदी कुठे, कशा घेतल्या, हे किती तपशिलात लिहू?’ विदा अजून अप्रकाशित असेल, तर झेनोडोवर ती खुली करण्याआधीच डीओआय क्रमांक राखून ठेवता येतो. वर्णनाचे काम नाजूक. विहिरीचे अचूक अक्षांश-रेखांश छापले, तर शेतमालक ओळखू येतो. त्यामुळे लिहिलेला परिच्छेदच ईमेलला जोडावा. सरांना नको ते वाक्य थेट खोडता येते. उत्तर आले नाही, तर तो होकार समजू नये.