तळघरातील घर आणि मोबाईलचा बूस्टर

पिंपरी-चिंचवडच्या उताराच्या जागांवर उभ्या राहिलेल्या काही इमारतींत रस्त्याच्या पातळीखाली गेलेली घरे आढळतात. तीन बाजूंनी माती आणि डोक्यावर काँक्रीटचे छत असल्याने अशा घरात भ्रमणध्वनीचे संकेत जेमतेम पोहोचतात. चाकणच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या कामगाराला पाळी बदलल्याचा निरोप मिळत नाही आणि घरात कोणी अत्यवस्थ झाल्यास रुग्णवाहिकेला बोलावण्यासाठी जिना चढून रस्त्यावर यावे लागते. अशा वेळी बाजारातील ‘सिग्नल बूस्टर’ घेण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि हे यंत्र कसे चालते आणि कोठे बिघडते, हे आधी समजून घेणे इष्ट ठरेल.

यंत्राचे तीन भाग

बूस्टर स्वतः संकेत निर्माण करीत नाही. तो आलेला संकेत मोठा करून पुढे पाठवितो. त्याचे तीन भाग असतात. बाहेर, शक्य तितक्या उंचावर टॉवरकडे तोंड करून बसविलेली ‘डोनर अँटेना’ संकेत गोळा करते. केबलमधून तो प्रवर्धकात येतो आणि घरातील दुसरी अँटेना तो खोलीत पसरविते. फोनचा आवाज टॉवरकडे नेण्याचे काम हीच साखळी उलट दिशेने करते.

संकेताची शक्ती डेसिबेलमध्ये मोजतात. दर १० डेसिबेलला शक्ती दसपट होते; म्हणजे ५० डेसिबेलचे प्रवर्धन हे एक लाख पट होय. फोनमधील सिमच्या माहितीच्या पानावर संकेताची पातळी ‘dBm’ या एककात ऋण आकड्यात दिसते. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका संकेत बलवान. फोर-जी सेवेत -१०० च्या आसपास संभाषण बरे चालते. -१२० पाशी ते तुटू लागते.

शीळ का वाजते?

ग्रामसभेत ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्यासमोर मायक्रोफोन नेला की कर्कश शीळ वाजते, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. कर्ण्यातून निघालेला आवाज मायक्रोफोनमध्ये परत शिरतो, पुन्हा मोठा होतो आणि हे चक्र थांबत नाही. बूस्टरमध्येही नेमके हेच घडते. आतील अँटेनेतून निघालेला संकेत छतातून वा खिडकीतून झिरपून डोनर अँटेनेपर्यंत पोहोचला आणि वाटेत झालेली घट प्रवर्धनापेक्षा कमी पडली, तर यंत्र आपलाच संकेत वाढवीत बसते. यास आत्मदोलन म्हणतात.

दोन अँटेनांमधील या घटीला विलगता असे नाव आहे. विलगता ही प्रवर्धनापेक्षा किमान १५ डेसिबेलने अधिक असावी, असा व्यवहारातील दंडक आहे. खोक्यावर ७० डेसिबेल छापलेले असले, तरी जागेची विलगता ६० असेल तर त्या जागी सुरक्षितपणे मिळणारे प्रवर्धन ४५ एवढेच.

एका इमारतीचा हिशेब

उदाहरणादाखल चार मजल्यांची, खाली तळघर असलेली इमारत आणि ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेऊ. तळघरात पातळी -१२२ आहे, दारापुढील अंगणात -१००, तर गच्चीवर -८५.

प्रथम डोनर अँटेना अंगणात, आतील अँटेनेपासून ५ मीटरवर लावली, असे समजू. पाच मीटर अंतरात सुमारे ४५ आणि भिंतीत १५ डेसिबेल घट धरल्यास विलगता ६० होते. प्रवर्धन ४५ च्या पुढे नेता येत नाही. अंगणातील -१०० मध्ये अँटेनेचे ९ मिळवून व केबलचा १ वजा करून -९२ उरतात. प्रवर्धनानंतर ते -४७ होतात. आतील अँटेना २ ची भर घालते, परंतु पलीकडच्या खोलीपर्यंतचे अंतर आणि एक भिंत ५५ खाते. खोलीत शेवटी -१०० मिळतात. म्हणजे काम जेमतेम निभावते.

आता तीच डोनर अँटेना गच्चीवर नेऊ. -८५ मध्ये ९ मिळविले आणि जाड, कमी घटीच्या लांब केबलचे ४ वजा केले की -८० येतात. प्रवर्धन ५० ठेवल्यास त्याच खोलीत -८३ मिळतात. शिवाय मधल्या १८ मीटर अंतरामुळे सुमारे ५६ आणि पाच छतांमुळे, प्रत्येकी १० जरी धरले, तरी ५० डेसिबेल घट होते. विलगता शंभराच्या वर गेल्याने दोलनाचे भय जवळजवळ उरत नाही. प्रवर्धन केवळ ५ ने वाढले, परंतु खोलीतील संकेत १७ डेसिबेलने, म्हणजे पन्नास पट सुधारला. हा लाभ मोठ्या यंत्राचा नसून अँटेनेच्या जागेचा आहे.

मर्यादा कशासाठी?

दोलन सुरू झालेले यंत्र त्या पट्ट्यात अखंड गोंगाट फेकते. टॉवरचा ग्राहक भाग दूरच्या फोनची क्षीण हाक ऐकण्यासाठी बनविलेला असतो. या गोंगाटात ती हाक बुडते आणि साऱ्या वस्तीचे संभाषण तुटते. दोलन नसतानाही अतिप्रवर्धन अपायकारक असते, कारण प्रवर्धक स्वतःची कुजबूजही वाढवून टॉवरकडे पाठवितो. टॉवर जवळ असेल तेथे तर प्रवर्धन कमीच ठेवावे लागते. अमेरिकेने २०१३ साली केलेल्या नियमांत घरगुती स्थिर बूस्टरचे प्रवर्धन पट्ट्यानुसार सुमारे ६५ ते ७२ डेसिबेलपर्यंत मर्यादित केले, आणि दोलन ओळखून ते आपोआप थांबविणारी योजना यंत्रात बंधनकारक केली, ती याच कारणासाठी.

दोष ओळखण्याच्या खुणा ठळक आहेत. फोनवर पट्ट्या पूर्ण दिसतात, पण संभाषण जुळत नाही. शेजाऱ्यांचे फोन एकाएकी तुटू लागतात. आणि यंत्र बंद करताच सर्व पूर्ववत होते.

कायद्याची स्थिती

भारतात मात्र रहिवाशाने स्वतः असे यंत्र विकत घेऊन बसविणे बेकायदेशीर आहे. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमानुसार परवान्याविना बिनतारी यंत्र बाळगता येत नाही. परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज इतरांनी बूस्टर बाळगणे, विकणे वा वापरणे अवैध असल्याचे दूरसंचार विभागाने २०२२ साली स्पष्ट केले. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमातही परवानगीचे तत्त्व कायम आहे. सबब, वरील हिशेब यंत्र खरेदीसाठी नसून कंपनीकडे नेमकी मागणी करण्यासाठी उपयोगाचा आहे.

त्याकरिता तळघर, अंगण आणि गच्ची या तिन्ही ठिकाणची पातळी दिवसाच्या निरनिराळ्या वेळी नोंदवावी. १९८ क्रमांकावर तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा, त्यासोबत ही नोंद द्यावी आणि गच्चीवर अँटेना लावण्यास गृहनिर्माण संस्थेची संमती असल्याचे कळवावे. तक्रारीचे समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते.

तोपर्यंत आणखी एक मार्ग मोकळा आहे. घरात तारेने आलेली इंटरनेट जोडणी असेल, तर २०१९ च्या अखेरीपासून देशात सुरू झालेली वाय-फाय कॉलिंगची सोय फोनमध्ये चालू करता येते. मात्र फोन आणि कंपनी या दोहोंची तिला साथ हवी. येथे हवेतून संकेत मोठा करावाच लागत नाही, त्यामुळे दोलनाचा प्रश्न उद्भवत नाही. वीज गेली की राउटर बंद पडतो आणि त्यासोबत फोनही मुका होतो. म्हणून राउटरला लहान बॅटरी जोडून ठेवणे आवश्यक आहे. रात्री-अपरात्री रुग्णवाहिका बोलवावी लागते, तेव्हा वीज असेलच असे नाही.