84 टक्क्यांवरून 17 टक्क्यांवर: हिंदुस्तान युनिलिव्हरचं नेमकं काय बिघडलं?

शेअर निवडताना बरेच जण एका रकान्याकडे आधी बघतात, रिटर्न ऑन इक्विटी, म्हणजेच आरओई. भागधारकांच्या शंभर रुपयांवर कंपनीने वर्षभरात किती कमावलं, ते हा आकडा सांगतो. 2020-21 मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरचा हा आकडा साधारण 17 टक्के होता. नेस्ले इंडियाचा 2020 या वर्षाचा आकडा होता तब्बल 103 टक्के. (नेस्लेचं हिशेबाचं वर्ष तेव्हा जानेवारी ते डिसेंबर असे.) दोघी घराघरांत पोचलेल्या, दोघी किराणा दुकानाच्या एकाच फळीवर जागा मागणाऱ्या. मग एक दुसरीच्या सहापट चांगली, असं म्हणायचं का?

अनेक जण तसंच म्हणतात. आकडे खरे आहेत, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. तो कुठे चुकतो हे पाहायचं तर आरओईचे तुकडे करावे लागतात. ही रीत अमेरिकेतल्या ड्युपॉन्ट कंपनीत डोनाल्डसन ब्राउन यांनी 1910 च्या दशकात घालून दिली. मूळ रीतीत दोनच तुकडे होते, तिसरा पुढे जोडला गेला. पहिला तुकडा मार्जिन: शंभर रुपयांच्या विक्रीत निव्वळ नफा किती. दुसरा मालमत्तेची उलाढाल: ताळेबंदातल्या एका रुपयाच्या मालमत्तेवर वर्षात किती रुपयांची विक्री झाली. तिसरा लिव्हरेज: एकूण मालमत्ता भागधारकांच्या निधीच्या किती पट आहे. तिन्हींचा गुणाकार केला की आरओई मिळतो.

गैरसमज: आरओई कमी, म्हणजे धंदा कमकुवत

हिंदुस्तान युनिलिव्हरच्या स्वतंत्र हिशेबातली दोन लागोपाठची वर्षं शेजारी ठेवू. 2019-20 मध्ये उत्पन्न 38,785 कोटी, नफा 6,738 कोटी, भागधारकांचा निधी 8,031 कोटी आणि एकूण मालमत्ता सुमारे 19,600 कोटी. मार्जिन 17.4 टक्के, उलाढाल जवळपास 2 पट, लिव्हरेज 2.44 पट. आरओई 84 टक्के.

पुढच्याच वर्षी उत्पन्न सुमारे 46,000 कोटी झालं आणि नफा 7,954 कोटींवर गेला. दोन्ही वाढले, मार्जिनही 17.3 टक्क्यांवर टिकून राहिलं. तरी आरओई 17 टक्क्यांवर आला. कारण निधी 47,434 कोटींवर आणि मालमत्ता 68,100 कोटींच्या आसपास पोचली होती. उलाढाल 0.68 पट उरली, लिव्हरेज 1.44 पट.

कारखाने ओस पडले नव्हते, की गोदामांत माल तुंबला नव्हता. 1 एप्रिल 2020 रोजी हॉर्लिक्सवाली जीएसके कन्झ्युमर हेल्थकेअर ही कंपनी हिंदुस्तान युनिलिव्हरमध्ये विलीन झाली. तिच्या एका शेअरमागे हिंदुस्तान युनिलिव्हरचे 4.39 शेअर दिले गेले. डिसेंबर 2018 मध्ये व्यवहार जाहीर झाला, तेव्हा त्याचं मोल सुमारे 31,700 कोटी सांगितलं गेलं होतं. पण हिशेबाच्या नियमांनुसार दिलेल्या शेअरची किंमत व्यवहार पूर्ण होण्याच्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात. मधल्या काळात शेअर वधारला होता, त्यामुळे तीच देवघेव पुस्तकात 40,000 कोटींच्या वर नोंदली गेली. शेअर चढला म्हणून कंपनीचा निधी फुगला आणि त्यामुळेच आरओई आणखी खाली आला!

या रकमेसमोर मालमत्तेच्या बाजूला काय आलं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गुडविल आणि ब्रँड मिळून सुमारे 45,000 कोटी. विकत घेतलेला ब्रँड पुस्तकात किमतीसह येतो. स्वतः वाढवलेला येत नाही. म्हणून हॉर्लिक्स ताळेबंदात हजारो कोटींचा, तर कंपनीने वर्षानुवर्षं जाहिराती करून मोठे केलेले सर्फ एक्सेल आणि लक्स जवळजवळ शून्याचे. नेस्लेकडची मॅगीही तशीच. नेस्लेची उलाढाल 1.7 पट आणि युनिलिव्हरची 0.68 दिसते, त्यामागे हे मोठं कारण आहे. ते 45,000 कोटी वजा करून पाहिलं, तर युनिलिव्हरची उलाढाल पुन्हा 2 पटीच्या जवळ जाते, म्हणजे विलीनीकरणाआधी होती तिथेच.

तरी हे 45,000 कोटी नेहमीसाठी विसरून चालणार नाही. साबण-चहाचा धंदा कसा चाललाय हे बघायचं असेल, तर ते बाजूला ठेवावेत. हॉर्लिक्ससाठी मोजलेली किंमत वसूल होतेय का, हे बघायचं असेल, तर ते आत ठेवावेच लागतात, कारण भागधारकांनी आपल्या मालकीतला वाटा देऊनच ती किंमत चुकवली आहे.

गैरसमज: लिव्हरेज म्हणजे कर्ज

नेस्लेचे तुकडे करू. 2020 मध्ये उत्पन्न 13,350 कोटी, नफा 2,082 कोटी, म्हणजे मार्जिन 15.6 टक्के. युनिलिव्हरपेक्षा थोडं कमीच. एकूण मालमत्ता सुमारे 7,900 कोटी, निधी 2,019 कोटी, म्हणजे लिव्हरेज 3.9 पट. हा आकडा पाहून कंपनी कर्जात बुडाल्यासारखी वाटेल. पण तेव्हा तिचं बँकेचं कर्ज नगण्य होतं. उरलेल्या बाजूला पुरवठादारांना द्यायचे पैसे होते, कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीसाठीच्या तरतुदी होत्या, वादातल्या करांसारख्या बाबींसाठी राखलेल्या रकमा होत्या. यातल्या बऱ्याच देण्यांवर बँकेच्या कर्जासारखं व्याज भरावं लागत नाही. म्हणून तिसरा तुकडा मोठा दिसला की ताळेबंदात 'कर्जे' ही ओळ उघडून बघावी. तिथे मोठा आकडा असेल तरच काळजी करायची.

गैरसमज: आरओई वाढला, म्हणजे कमाई वाढली

2018 अखेर नेस्लेचा निधी 3,674 कोटी होता, नफा 1,607 कोटी, आरओई 44 टक्के. 2019 मध्ये नफा 1,970 कोटींच्या आसपास गेला, म्हणजे साधारण 23 टक्के वाढ, आणि त्यातही सप्टेंबरमधल्या कंपनी कराच्या कपातीचा हात होता. आरओई मात्र 100 टक्क्यांच्या पुढे पोचला. त्या वर्षी कंपनीने साचलेल्या रकमेतून शेअरमागे 180 रुपयांचा विशेष लाभांश दिला. 9.64 कोटी शेअर धरले तर ही रक्कम सुमारे 1,735 कोटी होते, शिवाय त्यावरचा लाभांश वितरण कर वेगळा. पैसा बाहेर गेला, छेदातला निधी जवळपास निम्मा झाला आणि भागाकार दुपटीहून मोठा झाला. लाभांश देणं योग्यच होतं, कारण पडून राहिलेली रोकड मालकांकडे गेलेली बरी. पण त्यामुळे नूडल्सचं एकही जादा पाकीट विकलं गेलं नाही.

अजून एक सापळा सांगतो. पुस्तकांत आरओई काढताना वर्षाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या निधीची सरासरी घ्यायला सांगतात, आणि एरवी तेच योग्य. पण युनिलिव्हरचं विलीनीकरण वर्षाच्या पहिल्याच दिवशी झालं. सरासरीत 31 मार्चचे 8,031 कोटी धरले, तर आरओई जवळपास 29 टक्के येतो, कारण हॉर्लिक्सचा नफा पूर्ण वर्षाचा मोजला जातो आणि त्यासाठीचा निधी निम्माच. त्याच वर्षासाठी दोन ठिकाणी 17 आणि 29 असे आकडे दिसले, तर आधी छेदात कोणता निधी घेतलाय ते तपासावं.