सोललेले उकडलेले अंडे : दिवसांचा हिशेब, तासांचा हिशेब

अंडे उकडताना कवचावरील नैसर्गिक संरक्षक थर नाहीसा होतो आणि सोलल्यावर कवचाचा आधारही उरत नाही. ओलसर पांढऱ्या भागाला हात लागताच जिवाणूंना तेथे आयते अन्न लाभते. म्हणून हात स्वच्छ धुऊन अंडी सोलावीत आणि उकडल्यापासून २ तासांच्या आत झाकणबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावीत. फ्रिजचे तापमान ४ अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी असेल, तर उकडल्यापासून ७ दिवसांच्या आत ती संपवावीत.

जेवणाच्या डब्याचा हिशेब मात्र तासांचा आहे. रविवारी रात्री उकडलेले अंडे सोमवारी सकाळी ८ वाजता डब्यात भरून दुपारी १ वाजता खाल्ले, तर ते ५ तास बाहेर राहते. सुरक्षित मर्यादा २ तासांची; पारा ३२ अंशांच्या वर असल्यास एकाच तासाची. अशा वेळी डब्यासोबत बर्फाची पिशवी द्यावी अथवा कार्यालयात पोहोचताच डबा फ्रिजमध्ये ठेवावा.

बलकाभोवतीचे हिरवट वलय निरुपद्रवी असते. अंडे बुळबुळीत झाल्यास वा दुर्गंधी आल्यास ते टाकून द्यावे. परंतु केवळ वासावर विसंबू नये; रोगकारक जिवाणू वाढूनही वास येतोच असे नाही.