पालकाच्या हिरव्यातले चार पट्टे

पालकाचे पान हिरवे दिसते, पण तो हिरवेपणा एकाच द्रव्याचा नसतो. निळसर हिरवे क्लोरोफिल-ए, पिवळसर हिरवे क्लोरोफिल-बी, पिवळी झॅन्थोफिले आणि नारिंगी-पिवळे कॅरोटीन अशी निदान चार प्रकारची रंगद्रव्ये त्यात एकत्र असतात. यांपैकी शेवटच्या दोन प्रकारांना मिळून कॅरोटिनॉइड म्हणतात. क्लोरोफिल भरपूर असल्याने पिवळ्या छटा त्याखाली झाकल्या जातात. त्या सुट्या करून पाहण्याची युक्ती रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी १९०३ साली वॉर्सा येथे मांडली. त्यांनी पानांचा अर्क खडूसारख्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून खाली सोडला आणि रंगांचे वेगवेगळे पट्टे मिळवले. या पद्धतीला मराठीत वर्णलेखन म्हणतात. नळीऐवजी कागद वापरण्याची रीत १९४४ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे रूढ झाली, आणि आज शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीच चालते.

प्रयोगाची सुरुवात अर्कापासून होते. पालकाची ताजी पाने धुऊन पुसून कोरडी करतात, देठ आणि जाड शिरा काढतात आणि उरलेले चिरून खलात घेतात. त्यात चिमूटभर स्वच्छ वाळू आणि सुमारे पाच मिलिलिटर अ‍ॅसिटोन घालून घोटले की पेशी फुटतात आणि गर्द हिरवा अर्क मिळतो. पेशीतल्या पोकळ्यांमध्ये आम्ल असते. ते घोटताना बाहेर येऊन क्लोरोफिल बिघडवते, म्हणून जाणकार थोडे कॅल्शियम कार्बोनेटही टाकतात.

गाळण कागदाच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्टीवर खालच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर पेन्सिलीने आडवी रेघ मारतात. पेन इथे चालत नाही, कारण शाईतले रंगही द्रावकाबरोबर वर निघतात. रेघेच्या मधोमध केशनलिकेने अर्काचा बारीक ठिपका ठेवायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग त्याच जागी पुन्हा ठेवायचा, असे आठ-दहा वेळा. हे काम कंटाळवाणे असले तरी प्रयोगाचे यश यावरच ठरते. ठिपका पसरट झाला तर पट्टे एकमेकांत मिसळतात आणि फिका राहिला तर कॅरोटीनचा पट्टा दिसतही नाही.

उंच बरणीत नऊ भाग पेट्रोलियम ईथर आणि एक भाग अ‍ॅसिटोन यांचे मिश्रण सेंटिमीटरभर घेऊन झाकण लावून ठेवतात. आतली हवा वाफेने भरली की पट्टी अशी टांगायची की तिचे टोक द्रावकात बुडेल, पण ठिपका द्रावकाच्या वर राहील. ठिपकाच बुडाला तर रंग कागदावर चढण्याऐवजी बरणीत उतरतो. हे मिश्रण झटकन पेट घेते, त्यामुळे जवळपास ज्योत नसावी.

द्रावक कागदातून वर चढतो आणि ठिपक्यातली रंगद्रव्ये ओढून नेतो. मात्र कागदाचे सेल्युलोज आणि त्याने धरून ठेवलेले पाणी त्यांना मागे खेचते. या ओढाताणीत कोण पुढे जाणार हे रेणूच्या घडणीवर ठरते. कॅरोटीनमध्ये फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतात. कागदाला धरून राहण्याजोगे त्यात काहीच नसल्याने ते जवळजवळ द्रावकाबरोबर धावते. झॅन्थोफिलची बांधणी तशीच, पण त्यात ऑक्सिजनचे अणू असतात आणि त्यामुळे ते रेंगाळते. दोन्ही क्लोरोफिलांतला फरक तर एका लहानशा गटाचा आहे. ए मध्ये जिथे मिथिल गट आहे तिथे बी मध्ये ऑक्सिजन असलेला अल्डिहाइड गट असतो. एवढ्याने बी कागदाला अधिक चिकटते आणि सर्वांत खाली राहते.

द्रावक वरच्या टोकाच्या थोडा खाली असतानाच पट्टी बाहेर काढतात आणि तो जिथवर पोचला तिथे लगेच पेन्सिलीने खूण करतात, कारण काही क्षणांत तो उडून जातो आणि सीमा नाहीशी होते. मग मोजणी. रंगद्रव्याने कापलेले अंतर भागिले द्रावकाने कापलेले अंतर म्हणजे त्या रंगद्रव्याचे Rf मूल्य. दोन्ही अंतरे पेन्सिलीच्या रेघेपासून मोजायची, आणि रंगद्रव्याचे अंतर पट्ट्याच्या मध्यापर्यंत घ्यायचे. हे मूल्य एकाहून मोठे असूच शकत नाही. तसे उत्तर आले तर मोजणीत चूक झाली आहे.

समजा, द्रावक १२.५ सेंटिमीटर चढला. नारिंगी-पिवळा पट्टा १२.० वर, पिवळा ८.९ वर, निळसर हिरवा ८.१ वर आणि पिवळसर हिरवा ५.६ सेंटिमीटरवर आहे. भागाकार केल्यावर अनुक्रमे ०.९६, ०.७१, ०.६५ आणि ०.४५ मिळतात. वरील मिश्रणासाठी पुस्तकांत कॅरोटीन, झॅन्थोफिल, क्लोरोफिल-ए आणि क्लोरोफिल-बी यांची मूल्ये साधारण याच जवळपास दिलेली असतात.

आता विद्यार्थ्यांची नेहमीची चूक पाहू. अंतरे रेघेऐवजी कागदाच्या टोकापासून मोजली, तर प्रत्येक आकड्यात दोन सेंटिमीटरची भर पडते. क्लोरोफिल-बीसाठी ७.६ भागिले १४.५, म्हणजे ०.५२ येते. कॅरोटीनचे मूल्य मात्र ०.९७ येते, म्हणजे जवळपास आहे तेच. वरचा आकडा जुळतो म्हणून मोजणी बरोबर समजली जाते आणि खालचा पट्टा भलत्याच द्रव्याचा ठरतो.

नुसत्या Rf वरून ओळख पटवणे तसेही धोक्याचे आहे. द्रावकाचे प्रमाण, कागदाचा प्रकार, तापमान, बरणीतली वाफ यांपैकी काहीही बदलले की आकडा सरकतो. झॅन्थोफिल आणि क्लोरोफिल-ए यांचे आकडे तर इतके जवळ असतात की तिथे रंगच निर्णायक ठरतो. एक पिवळा, दुसरा निळसर हिरवा. म्हणून क्रम, रंग आणि आकडा तिन्ही मिळून पाहावे लागते. पट्टी उजेडात ठेवल्यास रंग फिके होतात, तेव्हा पट्ट्यांच्या कडा ताबडतोब पेन्सिलीने आखून शेजारी रंग लिहून ठेवावा.

कधी कॅरोटीनच्या खाली करडा पट्टा दिसतो. ते नवे रंगद्रव्य नसून क्लोरोफिलमधले मॅग्नेशियम निघून गेल्यावर उरलेले फिओफायटिन असते. पालक जास्त शिजला की त्याचा रंग मळकट होतो, त्यामागेही हाच बदल आहे. पट्टीवर तो ठळक असेल तर अर्क शिळा होता, तापला होता किंवा त्यात आम्ल राहिले होते.

लाल माठाच्या पानांवर हाच प्रयोग केला तर वर नेहमीचे चार पट्टे मिळतात, पण अर्कात उतरलेला लाल रंग मूळ रेघेवरच बसून राहतो. तो पाण्यात विरघळणारा असल्याने पेट्रोलियम ईथर त्याला हलवू शकत नाही. त्याचे Rf शून्य येते, आणि पाण्यात विरघळणारे दुसरे कोणतेही रंगद्रव्य तिथेच राहिले असते, त्यामुळे या आकड्यावरून त्याची ओळख पटत नाही.

हिरव्या पट्ट्यांची खातरजमा करायची असेल तर तो भाग कात्रीने कापून थोड्या अ‍ॅसिटोनमध्ये बुडवतात आणि रंग उतरल्यावर अंधारात नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली धरतात. क्लोरोफिलचे द्रावण लाल चमकते. कॅरोटिनॉइडांच्या द्रावणात ही लाल चमक दिसत नाही.