फोडणी कशात ओतायची?

काकडीच्या कोशिंबिरीवर फोडणी ओतताना आपण मीठ बरोबर पडलंय का याचा विचार करतो, भांडं कशाचं आहे याचा करत नाही. खरं तर प्लेट-बाऊलची सगळ्यांत अवघड परीक्षा तिथेच होते. आमटी कितीही खळखळ उकळली तरी तिच्यातलं पाणी तिला 100 अंशांच्या फारसं वर जाऊ देत नाही. तेलाला असा लगाम नसतो. मोहरी तडतडून कढीपत्ता पडतो तेव्हा कढल्यातलं तेल सहज 180 अंशांच्या आसपास असतं. आमटीचा चटका आणि फोडणीचा चटका हे वेगळे प्रश्न आहेत, आणि मेलामाईन, सिरॅमिक आणि बोन चायना त्यांना वेगवेगळी उत्तरं देतात.

मेलामाईनपासून सुरुवात करू, कारण गैरसमज त्याच्याबद्दलच जास्त आहेत. लग्नाच्या हॉलपासून हॉस्टेलच्या मेसपर्यंत दिसणारी ती गुळगुळीत, न फुटणारी प्लेट म्हणजे मेलामाईन आणि फॉर्मल्डिहाइड या दोन रसायनांपासून बनलेलं राळेसारखं प्लास्टिक. त्यात लाकडाच्या लगद्याचे तंतू मिसळून पूड करतात. ती पूड पोलादी साच्यात घालून साधारण 150 ते 170 अंशांना दाबतात. काही मिनिटांत रेणूंची जाळी घट्ट विणली जाते आणि मग ती प्लेट पुन्हा कधीच वितळत नाही. बादली किंवा डबा उष्णतेने मऊ पडतो, मेलामाईन पडत नाही. ते करपतं. आता फोडणीचं तापमान पुन्हा आठवा. ज्या उष्णतेला ही प्लेट घडली, तिच्याहून तापलेलं तेल आपण तिच्यावर ओततो. तेलाची धार थेट मेलामाईनच्या बाऊलवर पडली तर तिथे पांढुरका फोड येतो किंवा तपकिरी डाग पडतो, आणि तो घासून जात नाही. कढईतून काढलेली भजी किंवा पुरी थेट मेलामाईनच्या प्लेटमध्ये टाकणं हाही त्याच जातीचा प्रकार. आधी चाळणीत निथळू द्या, मग वाढा.

आमटीचं नुकसान असं दिसत नाही. गरम आणि आंबट पातळ पदार्थ बराच वेळ मेलामाईनला लागून राहिला की पृष्ठभागावरची ती विणलेली जाळी थोडी थोडी सुटू लागते आणि मेलामाईन व फॉर्मल्डिहाइड सूक्ष्म प्रमाणात अन्नात उतरतात. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने म्हणूनच 70 अंशांची रेषा आखली आहे: त्याहून गरम अन्नासाठी, शिजवण्यासाठी आणि मायक्रोवेव्हसाठी ही भांडी वापरू नयेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचाही सल्ला जवळपास तोच आहे.

किती उतरतं, याचा एक छोटा पण नेटका प्रयोग तैवानमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केला. 12 निरोगी माणसांना 90 अंशांचं 500 मिलिलिटर नूडल सूप प्यायला दिलं. निम्म्यांना मेलामाईनच्या बाऊलमध्ये, निम्म्यांना सिरॅमिकच्या. तीन आठवड्यांनी अदलाबदल केली. पुढचे 72 तास लघवी तपासली. मेलामाईनच्या बाऊलनंतर सरासरी 8.35 मायक्रोग्रॅम मेलामाईन बाहेर पडलं, सिरॅमिकनंतर 1.31. म्हणजे बाऊलमधून ते अन्नात आणि अन्नातून शरीरात जातं, यात शंका उरत नाही. पण घाबरून कपाट रिकामं करण्याआधी दुसरा आकडा पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला सोसवणारी मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलोमागे 0.2 मिलिग्रॅम ठरवली आहे. 60 किलोच्या माणसासाठी ती 12 हजार मायक्रोग्रॅम होते. एका बाऊलमुळे मूत्रपिंड बिघडत नाही. 2008 मध्ये चीनमध्ये लहान मुलं आजारी पडली ती दुधाच्या भुकटीत मेलामाईनची भेसळ केल्यामुळे. त्या घटनेशी आपल्या प्लेटची तुलना करू नये. पण पातळ, आंबट आणि वाफाळतं अन्न रोज त्याच भांड्यात, तेही लहान मुलांना, ही सवय मी तरी लावून घेणार नाही.

मग मेलामाईनमध्ये जेवायचंच नाही का? हिशेब करून पाहा. 150 मिलिलिटर आमटी 90 अंशांना डावाने साधारण तेवढ्याच वजनाच्या थंड मेलामाईनच्या वाटीत वाढली, तर वाटी आमटीची उष्णता शोषते आणि दोघी 70-75 अंशांच्या आसपास येतात. वरून वाफ जात असतेच. थोड्याच वेळात आमटी रेषेखाली जाते. प्लेटमध्ये भातावर पसरलेली आमटी त्याहूनही लवकर निवते. अडचण आहे ती वाढण्याच्या मोठ्या, खोल भांड्याची. दोन लिटर मिसळीचा कट झाकण लावून मेलामाईनच्या बाऊलमध्ये टेबलावर ठेवला, तर तो बराच वेळ 70 अंशांच्या वर राहू शकतो, आणि त्यात टोमॅटोचा आंबटपणा असतो. जेवायची प्लेट मेलामाईनची चालेल, पण कटाचं पातेलं स्टीलचंच ठेवावं.

एक गोष्ट मेलामाईनच्या बाजूनेही सांगायला हवी. ते उष्णता फार हळू वाहून नेतं, त्यामुळे वर वाफाळता भात असला तरी प्लेटची खालची बाजू हाताला लागत नाही. उभ्याने जेवताना याचा फायदा होतो. सुरक्षितपणाची फसवी भावनाही त्यातूनच येते: हाताला चटका बसत नाही म्हणून आतलं अन्न किती गरम आहे हे कळत नाही.

ही प्लेट म्हातारी झाली हे हळद सांगते. नवी असताना तिच्यावर रस्सा सांडला तरी धुतल्यावर डाग उरत नाही, कारण वरचा चकचकीत थर शाबूत असतो. तारेच्या घासणीने आणि स्टीलच्या चमच्यांनी तो थर खरवडला गेला की पिवळा रंग आत शिरतो. पिवळी पडलेली, निस्तेज, ओरखड्यांनी भरलेली प्लेट काढून टाकावी. ब्लीच घालून पांढरी करू नये, त्याने थर आणखी उखडतो. स्वस्त मालात आणखी एक खोट असते: आतला गाभा स्वस्त युरिया राळेचा आणि वर फक्त मेलामाईनचा पातळ मुलामा. अशा नव्या भांड्यात उकळतं पाणी ओतल्यावर नाकाला झोंबणारा वास आला, तर ते खाण्याच्या कामाचं नाही. ‘बांबू फायबर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कप-प्लेटांमध्येही बांबूची पूड आणि मेलामाईनची राळच असते. बांबूची भर घातलेली अशी प्लास्टिकची भांडी युरोपीय संघात विकायला परवानगी नाही.

सिरॅमिक आणि बोन चायना 1000 अंशांहून जास्त आचेच्या भट्टीतून आलेली असतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या उष्णतेने त्यांच्यात रासायनिक बदल होत नाही. त्यांना भीती उष्णतेची नसून तिच्या फरकाची. फ्रिजमधून काढलेलं दही, गार बाऊल आणि वरून फोडणी. तेल जिथे लागतं तिथला भाग प्रसरण पावू पाहतो, बाहेरचा गार भाग जागचा हलत नाही आणि तो ताणला जातो. भाजलेली माती दाब चांगला सोसते, ताण सोसत नाही, म्हणून बाऊल तडकतो. फोडणी दह्याच्या मधोमध ओतली तर दह्यातलं पाणी तेलाची धग ओढून घेतं. कडेने ओघळू दिली की बाऊलची भिंतच मार खाते.

आता या दोन मातींमधला फरक. दुकानात ‘सिरॅमिक’ म्हणून मिळणाऱ्या जाड, रंगीत प्लेटा बहुधा अर्थनवेअर किंवा स्टोनवेअर असतात. अर्थनवेअर कमी आचेवर भाजलेलं, आतून सच्छिद्र असतं. वरची झिलई हीच त्याची कातडी. बोन चायनामध्ये साधारण निम्मी हाडांची राख असते. बाकीची निम्मी चिनी माती आणि कॉर्नवॉलमधला एक दगड. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट इथे जोसाया स्पोड यांच्या कारखान्यात 18व्या शतकाच्या शेवटी हे मिश्रण पक्कं झालं. ही माती 1200 अंशांहून जास्त आचेवर इतकी घट्ट बसते की झिलई नसतानाही ती पाणी जवळपास पीत नाही. तिच्या मजबुतीमुळेच प्लेट पातळ करता येते. उजेडासमोर धरून मागे बोट हलवा, बोटाची सावली दिसते. (शाकाहारी घरांनी राखेचा विचार आधीच केलेला बरा.) आणि कपाटातला ‘बोन चायना’चा पांढरा सेट बऱ्याचदा बोन चायना नसतोच. ती ओपल म्हणजे दुधाळ काच असते. त्या प्लेटेचा आवाज, वजन आणि फुटणं, सगळं वेगळं.

टवका उडाला की हा फरक महत्त्वाचा ठरतो. अर्थनवेअरच्या काठाचा टवका उडाला की आतली सच्छिद्र माती उघडी पडते, त्यातून पाणी, तेल, साबण आत मुरतं, आणि तिथे वास धरतो. झिलईवर बारीक जाळी पडली आणि चहाच्या रंगाच्या रेषा दिसू लागल्या, तरी तेच झालेलं असतं. अशी ओल धरलेली प्लेट मायक्रोवेव्हमध्ये अन्नापेक्षा स्वतःच जास्त तापते. अन्न कोमट आणि प्लेट हात पोळणारी, असं झालं तर तिच्यात पाणी मुरलंय असं समजावं. बोन चायनाचा टवका उडाला तरी आत फारसं काही मुरत नाही, पण काठ काचेसारखा धारदार होतो. मुलांच्या प्लेटेला तर हे अजिबात चालायचं नाही. सोनेरी कडेची प्लेट मायक्रोवेव्हमध्ये ठेवली की ठिणग्या उडतात, हे जाताजाता.

सिरॅमिकबाबत खरी काळजी आहे ती रंगांची. कमी आचेवर भाजलेल्या झिलईत शिसं घातलं की ती लवकर वितळते आणि चमकते. जयपूरच्या निळ्या भांड्यांच्या पारंपरिक झिलईत ते असे, आणि ती भांडी मुळात शोभेचीच. शिसं अन्नात उतरतं ते आंबटामुळे आणि वेळेमुळे. प्रयोगशाळेत भांडं तपासतात तेही 4 टक्के ॲसिटिक आम्ल त्यात 24 तास ठेवूनच, म्हणजे जवळपास व्हिनेगर भरून. बोट फिरवल्यावर नक्षी उठून लागत असेल तर रंग झिलईच्या वर आहे. अशा बाऊलमध्ये लिंबाचं लोणचं किंवा सोलकढी रात्रभर ठेवू नये, दिवाणखान्यात तो खुशाल शोभू दे. लोणच्याची जुनी पांढरी-तपकिरी बरणी मात्र चांगल्या चढ्या आचेवर भाजलेलं स्टोनवेअर असते, तिच्या झिलईला वितळण्यासाठी शिशाची गरजच पडत नाही.