तीन पीपीटी, तीन किमती: सोलरची कोटेशन्स एका तक्त्यात कशी आणायची

कोटेशनच्या व्हिडिओत तक्ता स्क्रीनवर भराभर सरकत गेला, म्हणून तोच इथे सावकाश मांडतोय. वही किंवा एक्सेल उघडून बसा.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. गोकुळ शिरगावला एक मशीन शॉप आहे. पत्र्याची शेड, बाजूला फौंड्री, आणि दर महिन्याला महावितरणचं बिल बघून मालकाचं डोकं तापतंय. त्यांनी छतावर ५० किलोवॅटचं सोलर बसवायचं ठरवलं आणि तीन जणांकडून प्रपोजल मागवलं. तिन्ही पीपीटी आल्या: एक २२ स्लाइडची, एक ३१ची, एक १४ची. (आकडे समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्याही कंपनीचे नाहीत. हिशेबाची रीत मात्र खरी आहे.)

'अ'च्या शेवटच्या स्लाइडवर १९ लाख ४० हजार. 'ब'कडे २४ लाख ९० हजार, 'सर्व समाविष्ट'. 'क'ने एकूण रक्कम लिहिलीच नाही, नुसतं '४१ रुपये प्रति वॅट'. आता सांगा, स्वस्त कोण? बहुतेक जण 'अ' म्हणतील, कारण डोळ्यासमोर तोच आकडा लहान दिसतो.

पीपीटी ही विकण्यासाठी बनवलेली असते, तुलना करण्यासाठी नाही. प्रत्येकजण आपल्या सोयीच्या गोष्टी मोठ्या अक्षरात लिहितो आणि गैरसोयीच्या शेवटच्या दोन स्लाइडवर बारीक अक्षरात. म्हणून तक्त्याच्या ओळी पीपीटी बघून पाडायच्या नाहीत. आधी कोरा कागद घ्या आणि आपल्या शेडवर नक्की काय काय व्हायला पाहिजे ते लिहा. पॅनेल, इन्व्हर्टर, स्ट्रक्चर, छतावरून खाली पॅनेलबोर्डापर्यंत केबल, अर्थिंग, पॅनेल धुवायला पाण्याची लाइन, पत्र्यावर चालायला वॉकवे, नेट मीटर आणि महावितरणची कागदपत्रं, पत्र्याला भोकं पाडल्यावर गळतीची जबाबदारी. बाजूला फौंड्री असल्यामुळे पॅनेलवर धूळ बसणार, म्हणून पाण्याची लाइन इथे हौस नाही. वॉकवे नसेल तर धुणारा माणूस पत्र्यावर पाय देणार आणि पत्रा चेपणार. ही यादी झाली की मगच पीपीटी उघडायची.

प्रत्येक विक्रेत्याला दोन कॉलम द्या: एकात उत्तर, दुसऱ्यात स्लाइड नंबर. नंबर कशाला? दोन आठवड्यांनी विक्रेता म्हणतो, "असं आम्ही म्हटलंच नव्हतं." तेव्हा २२ स्लाइड परत चाळायला वेळ नसतो.

उत्तराच्या रकान्यात चारच शब्द वापरायचे: 'आहे', 'नाही', 'खर्चानुसार', 'उल्लेख नाही'. लोक शेवटचे दोन टाळतात आणि रकाना रिकामा ठेवतात. रिकामा रकाना बघून आपलं मन म्हणतं, "असेलच की." तसं समजू नका. 'नाही' लिहिणारा विक्रेता निदान प्रामाणिक आहे, त्याचा खर्च आपण मोजू शकतो. 'उल्लेख नाही' म्हणजे काम चालू असताना होणारा वाद.

आता किंमत. बेरीज करायच्या आधी बघायचं, तिघं एकच वस्तू विकतायत का?

'अ'च्या पहिल्या स्लाइडवर ठळक '५० किलोवॅट' आहे. पण सामानाच्या यादीत बघा: ५५० वॅटचे ८४ पॅनेल आणि ५० किलोवॅटचा इन्व्हर्टर. ८४ गुणिले ५५० म्हणजे ४६.२ किलोवॅट. ५० हा इन्व्हर्टरचा आकडा आहे, वीज तयार करणाऱ्या पॅनेलचा नाही. 'ब'चे ५४५ वॅटचे ९२ पॅनेल, म्हणजे ५०.१४ किलोवॅट. 'क'चे ५४० वॅटचे १००, म्हणजे ५४ किलोवॅट, इन्व्हर्टर ५०चाच. इन्व्हर्टरपेक्षा पॅनेल थोडे जास्त लावणं ही चुकीची पद्धत नाही, उलट नेहमीची आहे. पण तिघांची भागणी पॅनेलच्या किलोवॅटनेच व्हायला हवी, नाहीतर आंबा आणि फणस एकाच काट्यावर. नेट मीटरिंगमध्ये प्लांटची क्षमता तुमच्या मंजूर भारापेक्षा जास्त चालत नाही. म्हणून बिलावरचा मंजूर भार बघा, आणि अर्जात कोणता आकडा टाकणार हे 'क'ला विचारा.

दुसरी गोष्ट जीएसटी. सोलर प्लांट उभा करून देण्याच्या कंत्राटात ७० टक्के रक्कम माल आणि ३० टक्के सेवा धरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा दर १२ वरून ५ टक्के झाला, सेवेवर १८ आहेच. ७० चे ५ टक्के साडेतीन, ३० चे १८ टक्के ५.४, मिळून ८.९ टक्के. एखाद्या पीपीटीत अजून १३.८ टक्के दिसलं, तर ती जुनी स्लाइड तशीच चिकटवलेली आहे. मग त्यातल्या बाकीच्या किमतीही जुन्या आहेत का, हे विचारायला हरकत नाही. 'सर्व समाविष्ट' म्हणणाऱ्या 'ब'कडून मूळ किंमत आणि कर वेगळे लिहून घ्या. तुम्ही जीएसटी नोंदणीकृत असाल तर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळेल का हे सीएला विचारावं लागेल, आणि त्यासाठी फोड लागतेच.

तिसरी गोष्ट राहिलेल्या रिकाम्या जागा. 'अ'ने नेट मीटर 'खर्चानुसार' म्हटलंय, वॉकवे आणि पाण्याची लाइन 'नाही'. केबल ३० मीटरपर्यंतच, पुढे मीटरला ९०० रुपये. आपण टेपने मोजलं तर छतापासून पॅनेलबोर्ड ६५ मीटर निघाला. म्हणजे ३५ मीटरचे ३१,५०० रुपये वाढले. हे मोजमाप आपणच घ्यायचं, विक्रेत्याच्या अंदाजावर सोडायचं नाही.

बाकीच्या रिकाम्या जागांत किंमत कुठून आणायची? ज्याने ते काम धरलंय त्याच्याकडून फोड मागायची, आणि तोच आकडा बाकीच्यांच्या नावावर टाकायचा. 'ब'च्या फोडीत नेट मीटर आणि कागदपत्रं ६० हजार, वॉकवे ७० हजार. पाण्याची लाइन 'क'च्या यादीत २५ हजारांची. हे खरे खर्च नाहीत, पण तिघांना सारखीच फूटपट्टी लागते.

| बाब | अ | ब | क |
|---|---|---|---|
| पॅनेल, किलोवॅट | ४६.२ | ५०.१४ | ५४ |
| मूळ किंमत | १९,४०,००० | करासह | २२,१४,००० |
| कर ८.९% | १,७२,६६० | समाविष्ट | १,९७,०४६ |
| नेट मीटर, कागदपत्रं | ६०,००० | आहे | ६०,००० |
| वॉकवे | ७०,००० | आहे | ७०,००० |
| जादा केबल | ३१,५०० | आहे | आहे |
| पाण्याची लाइन | २५,००० | आहे | आहे |
| एकूण | २२,९९,१६० | २४,९०,००० | २५,४१,०४६ |
| दर किलोवॅटला | ४९,७६५ | ४९,६६१ | ४७,०५६ |
| पत्र्याची गळती | नाही | उल्लेख नाही | नाही |

बघा, काय झालं. सगळ्यात स्वस्त वाटणारा 'अ' दर किलोवॅटला सगळ्यात महाग निघाला. 'अ' आणि 'ब'मध्ये साडेपाच लाखांचा फरक दिसत होता, तो दर किलोवॅटला जेमतेम शंभर रुपयांवर आला. एकूण रक्कम मात्र 'क'ची सर्वात मोठी आहे, आणि खिशातून किंवा कर्जातून तीच जाणार. त्यामुळे शेवटच्या दोन्ही ओळी ठेवायच्या, एक पुसून टाकायची नाही.

एक्सेलमध्ये करणाऱ्यांसाठी एक खड्डा सांगतो. पीडीएफमधून '₹ 19,40,000' असं कॉपी केलं की ते बऱ्याचदा आकडा म्हणून नाही, मजकूर म्हणून बसतं. `SUM` अशा रकान्याला गुपचूप सोडून देतं, एररही येत नाही. बेरीज कमी येते आणि तो विक्रेता फुकटात स्वस्त होतो. ओळखायचं कसं? मजकूर रकान्यात डावीकडे चिकटतो, आकडा उजवीकडे. किंवा शेजारी हे टाका:

```
=ISNUMBER(B3)
```

`FALSE` आलं तर आकडा हाताने परत टाइप करा, चिन्ह आणि स्वल्पविराम न देता. 'आहे' लिहिलेल्या रकान्यात मात्र `FALSE` यायलाच हवं, तिथे घाबरू नका.

आता शेवटची ओळ, गळतीची. तिला रुपये लावता येत नाहीत, म्हणून ती बेरजेच्या खाली ठेवली. पण कोल्हापूरच्या पावसात हीच ओळ सगळ्यात जास्त दुखते. ट्रॅपेझॉइडल पत्र्यावर स्ट्रक्चर बसवायला स्क्रू मारावे लागतात. वायसर नीट दाबला गेला नाही किंवा सीलंट कमी पडलं, तर जूनमध्ये थेंब थेट लेथवर. अशा वेळी विक्रेता म्हणणार पत्रा जुना होता, पत्रेवाला म्हणणार भोकं सोलरवाल्याने पाडली. 'अ'ने हे एकविसाव्या स्लाइडवर अर्ध्या ओळीत वगळलंय, 'क'ने सामान्य अटींमध्ये.

म्हणून तक्ता पूर्ण झाला की लगेच फोन करून घासाघीस सुरू करू नका. प्रत्येकाला फक्त त्याचा कॉलम पाठवा, दुसऱ्यांचे आकडे नाही. ईमेलमध्ये इतकंच लिहा: "तुमच्या प्रपोजलवरून आम्ही हे असं समजलो. 'उल्लेख नाही' आणि 'खर्चानुसार' असलेल्या ओळींवर हो, नाही किंवा रक्कम लिहून पाठवा. गळतीची जबाबदारी किती महिने घेणार ते लिहा. हा तक्ता ऑर्डरसोबत जोडला जाईल." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ऑर्डरला जोडणार म्हटलं की विक्रेता जपून उत्तर देतो.

आपल्या उदाहरणात उत्तरं अशी धरा. 'अ' गळतीवर ठाम: नाही. 'ब' स्वतः पाडलेल्या भोकांची दोन वर्षं जबाबदारी घेतो. 'क' एक वर्ष घेतो. 'अ' इथेच मागे पडला. आता 'ब' आणि 'क'मध्ये दर किलोवॅटला २,६०५ रुपयांचा फरक आहे, म्हणजे ५० किलोवॅटला एक लाख ३० हजारांच्या आसपास. एवढे पैसे देऊन गळतीचं एक जादा वर्ष घ्यायचं का, हे पत्र्याच्या वयावर ठरेल. पत्रा दोन वर्षांचा असेल तर मी 'क'कडे झुकेन. बारा वर्षांचा असेल तर आधी पत्रेवाल्याला वर चढवून, कोणते पत्रे बदलायला लागतील ते मोजून घेईन आणि तो खर्च दोघांच्याही कॉलममध्ये सारखाच टाकेन, मग 'ब'ला एक वर्षाऐवजी दोन वर्षं का परवडतात ते विचारेन.