बिल भरले, तरी थकबाकी तशीच

क्रेडिट कार्डाचे बिल भरल्यावर पैसे बँक खात्यातून काही क्षणांत वजा होतात, पण कार्डाच्या अॅपमध्ये थकबाकीचा आकडा दुसऱ्या दिवशीही तसाच दिसू शकतो. बहुतेक वेळा पैसे हरवलेले नसतात. खात्यातून रक्कम जाणे, ती कार्ड देणाऱ्या बँकेपर्यंत पोचणे आणि त्या बँकेने ती कार्डखात्यात नोंदवणे, या तीन वेगळ्या घटना आहेत. ‘पेमेंट यशस्वी’ हा संदेश बहुधा पहिल्या दोन घटनांविषयी असतो, तर थकबाकी तिसरी घटना घडल्यावरच कमी होते. या नोंदीलाच पोस्टिंग म्हणतात.

रक्कम किती लवकर पोचते, हे मार्गावर अवलंबून असते. आयएमपीएस आणि यूपीआय चोवीस तास चालतात. एनईएफटीही डिसेंबर २०१९ पासून रात्रंदिवस सुरू असते, मात्र तिचे व्यवहार दर अर्ध्या तासाच्या गटांत निघतात. धनादेशाला वटण्याचा वेळ लागतो. तरीही आज खरा उशीर वाटेत कमी आणि पोचल्यानंतर जास्त होतो. कार्डांचा हिशेब बहुधा बचत खात्यांपेक्षा वेगळ्या प्रणालीत ठेवला जातो. तिथे दिवसभर आलेला भरणा एकत्र करून दिवसअखेरीस नोंदवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. म्हणून ठरावीक वेळेनंतर, म्हणजे कट-ऑफनंतर, आलेला भरणा पुढच्या दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी नोंदवला जातो. ही वेळ प्रत्येक बँकेची आणि प्रत्येक मार्गाची वेगळी असते. ती कार्डाच्या अटींमध्ये किंवा पेमेंटच्या पानावर बारीक अक्षरांत दिलेली असते. तिथेच ‘जमा होण्यास दोन ते तीन दिवस’ असे लिहिलेले असेल, तर देय तारखेपर्यंत थांबणे धोक्याचे ठरते.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. कार्डाची मर्यादा १,००,००० रुपये आहे. स्टेटमेंटमध्ये १८,४६० रुपये देय असून शेवटची तारीख २०, शनिवार आहे. स्टेटमेंट निघाल्यानंतर आणखी २,३४० रुपयांची खरेदी झाली आहे. शनिवारी रात्री पावणेदहाला दुसऱ्या कंपनीच्या अॅपमधून १८,४६० रुपये भरले. बँकेचा कट-ऑफ त्याआधीच होऊन गेला होता. रविवारी थकबाकी २०,८०० आणि शिल्लक मर्यादा ७९,२०० दिसते, म्हणजे काहीच बदललेले नाही. सोमवारी संध्याकाळी नोंद झाल्यावर मर्यादा ९७,६६० होते आणि थकबाकी २,३४० उरते. हे उरलेले २,३४० पाहूनही अनेकांची धांदल उडते. ती पुढच्या बिलातली खरेदी असते. स्टेटमेंटच्या पीडीएफमधला आकडा तर कधीच बदलत नाही, कारण ते त्या दिवसाचे चित्र असते.

इथे प्रश्न आणखी एक आहे: बँक हा भरणा शनिवारचा धरणार की सोमवारचा? काही ठिकाणी उशिरा नोंदवलेल्या भरण्यालाही पैसे आल्याची मूळ तारीख दिली जाते, काही ठिकाणी नोंदीची. तारीख उशिराची धरली, तर रिझर्व्ह बँकेचे निर्देश कामी येतात. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ रक्कम थकली, तरच विलंब शुल्क लावता येते आणि क्रेडिट ब्युरोला थकबाकीदार म्हणून कळवता येते. म्हणजे वरच्या उदाहरणात २३ तारखेपर्यंत पैसे जमा झाले, तर शुल्क लागू नये. ही मुदत उलटली मात्र, तर उशिराचे दिवस मूळ देय तारखेपासूनच मोजले जातात. शिवाय ही सवलत शुल्कापुरती आणि नोंदीपुरती आहे, व्याजमाफीचे आश्वासन त्यात नाही. म्हणून पुढच्या स्टेटमेंटमध्ये शुल्काबरोबर व्याजाची ओळही तपासावी लागते.

आकडा हलत नाही म्हणून घाबरून पुन्हा पैसे भरणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. ऑटो-डेबिट सुरू असेल, तर तीच रक्कम दुसऱ्यांदा आपोआपही कापली जाऊ शकते. असे जादा पैसे बुडत नाहीत. ते कार्डावर जमा शिल्लक म्हणून दिसतात, पुढच्या खरेदीत वळते होतात किंवा मागितल्यास परत मिळतात. पण तोवर ते अडकून पडतात.

खरी गडबड ओळखण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. पैसे खात्यात परत आले असतील, तर भरणा फसला आहे आणि तो लगेच पुन्हा करायला हवा. परत आले नाहीत आणि तीन कामकाजाच्या दिवसांनंतरही कार्डाच्या व्यवहारयादीत भरण्याची ओळ नसेल, तर कार्ड क्रमांक चुकलेला असणे किंवा भरणा मध्येच अडकलेला असणे शक्य असते. अशा वेळी ‘यशस्वी’ संदेशाच्या छायाचित्रापेक्षा यूटीआर क्रमांक अधिक उपयोगी पडतो, कारण त्यावरून बँकेला नेमका तोच व्यवहार शोधता येतो. हा क्रमांक, तारीख आणि रक्कम देऊन कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार नोंदवावी. चुकून लागलेले शुल्क आणि व्याज परत करण्याची मागणीही त्याच पत्रात असावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार करता येते.